रायडर-वेट-स्मिथ टॅरो संच: काही महिने वापरल्यानंतर, पहिल्या डेटच्या रात्रीच्या मांडणीसह

१९०९ साली लंडनमध्ये निघालेला हा संच पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारला. त्याचं मोठं बळ म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर पत्त्यांवर प्रसंगचित्रं आहेत. जुन्या मार्सेय संचात अंकांच्या पत्त्यांवर नुसते पेले-तलवारी मोजायच्या. इथे माणसं काय करताहेत ते दिसतं. नात्याच्या प्रश्नाला त्याचा किती उपयोग होतो, ते एका मांडणीवरून सांगते.

भेट सुरेख झाली होती. गप्पा रंगल्या, पण तो नोकरीसाठी बेंगळुरूला जाण्याची शक्यता आहे हा विषय निघाला आणि दोघांनीही तो बाजूला सारला. रात्री तीन पत्ते काढले. जागा आधीच लिहून ठेवल्या: आमच्यात काय घडलं, काय अजून दिसत नाही, मी काय करू शकते. ‘पुढे काय होईल’ ही जागा मी ठेवत नाही, कारण तिथे कुठलाही पत्ता आला तरी मन त्यात हवं तेच वाचतं.

पहिला नाइट ऑफ कप्स. पेला पुढे धरून येणारा स्वार. पण त्याचा घोडा चालतो आहे, नाइट ऑफ सोर्ड्ससारखा उधळलेला नाही, आणि समोरची नदी अजून ओलांडायची आहे. म्हणजे भावना खरी, पोहोचणं बाकी.

दुसरा टू ऑफ सोर्ड्स. डोळ्यांवर पट्टी, छातीवर फुली केलेल्या दोन तलवारी, मागे समुद्र. तो पाहून ‘तो काहीतरी लपवतोय’ असं वाटणं सोपं आहे. पण तलवारी तोलून धरल्या आहेत, वार कोणावरच नाही. हा संच ज्यांच्या कल्पनेतून घडला त्या वेट यांनीही या पत्त्याला समतोल आणि शस्त्रं हातात ठेवूनच केलेला सलोखा असा अर्थ दिला आहे. शिवाय ही जागा आमच्या दोघांची होती. बेंगळुरूचा विषय मीही टाळला होताच. पट्टी दोघांच्या डोळ्यांवर होती.

तिसरा सेव्हन ऑफ पेंटॅकल्स: कुदळीवर रेलून वेलीकडे पाहणारा शेतकरी. याचा नेहमीचा अर्थ ‘वाट पाहा’. पण तो श्रम झाल्यावर वाट पाहतो, आणि एका भेटीत कसलं पीक? म्हणून मी तो ‘आत्ताच हिशेब मांडू नकोस, आधी मेहनत कर’ असा वाचला. तिन्हींत मेजर आर्काना, म्हणजे आयुष्यातल्या मोठ्या वळणांचा पत्ता, एकही नव्हता, त्यामुळे मला हे नियतीचं नाही, रोजच्या वागण्याचं प्रकरण वाटलं. वॉन्ड्स, म्हणजे उत्साहाचे आणि कृतीचे काठ्यांचे पत्तेही नव्हते, म्हणून रात्रीच लांबलचक मेसेज पाठवायची घाई केली नाही. सकाळी दुसऱ्या भेटीचं विचारलं आणि बेंगळुरूचा प्रश्न समोरासमोर बोलायला ठेवला.

अशा रात्री ‘खुलाशासाठी अजून एक पत्ता’ काढायचा मोह होतो. चौथा काढताना तिसरा नावडला म्हणून काढतोय का, हे स्वतःला विचारावं. आणि समोरच्याच्या मनातलं यातून कळत नाही. त्यासाठी हा संच घेऊ नका. लहान हातांना आकाराने मोठे पत्ते पिसायला जड जातात, तेवढं दुकानात हाताळून पाहा.