भागधारकच नाहीत, मग डिस्काउंट रेट कुठून आणायचा?

इंदूरमधल्या एका मराठी न्यासाचं विद्यार्थी वसतिगृह आहे, असं धरू. थंडीत आंघोळीच्या पाण्यासाठी गिझर बदलायचे की गच्चीवर सोलर हीटर बसवायचा, हा विश्वस्तांपुढचा प्रश्न. सोलरला सुरुवातीला ३,४०,००० रुपये जास्त लागतात. देखभाल वजा जाता वीजबिलात वर्षाला ४०,००० वाचतात, तेही आजच्या भावाने. यंत्र १५ वर्षं चालेल असं मानू. पुढच्या बचतीची आजची किंमत काढायला दर हवा, तोच डिस्काउंट रेट, आणि इथेच चार विश्वस्तांची चार मतं होतात.

| दर कुठून घेतला | महागाई वजा दर | बचतीची आजची किंमत | ३.४० लाख वजा जाता |
|---|---|---|---|
| बँकेतली ठेव (७%) | सुमारे ३% | ४.७८ लाख | +१.३८ लाख |
| आशियाई विकास बँकेचा सामाजिक प्रकल्पांचा दर | ६% | ३.८८ लाख | +०.४८ लाख |
| ओव्हरड्राफ्ट (११%) | ६.७% | ३.७१ लाख | +०.३१ लाख |
| कंपनीचा म्हणून सुचवलेला | १२% | २.७२ लाख | −०.६८ लाख |

महागाई ४% धरली आहे, रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य तेवढंच आहे.

बारा टक्क्यांचा दर आधी बाजूला काढू. कंपनी तो लावते, कारण भागधारकाला दुसरीकडे तेवढं मिळू शकतं. न्यासाला मात्र आयकर कायदा पैसा ठरावीक ठिकाणीच गुंतवू देतो: बँकेच्या ठेवी, सरकारी रोखे वगैरे. जिथे पैसा ठेवताच येत नाही, तिथला परतावा आपला गमावलेला परतावा कसा म्हणायचा? सीए मंडळी सवयीने १२ लिहितात, तेव्हा हा आकडा कुठून आला हे विचारून घ्यावं.

शिल्लक रक्कम ठेवीत पडून असेल, तर ठेवीचाच दर धरावा. कर वजा करायची गरज नाही. न्यासाची नोंदणी चालू असेल आणि उत्पन्न नियमाप्रमाणे खर्च होत असेल, तर त्या व्याजावर सहसा कर लागत नाही. पण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते: बचत आजच्या भावाने स्थिर धरायची आणि दर मात्र पासबुकातला ७% तसाच लावायचा. मग वरची १.३८ लाखांची शिल्लक २४,००० वर येते. वीज महागणार हे एका हाताने विसरायचं आणि महागाईसकट व्याज दुसऱ्या हाताने मोजायचं, असा तो प्रकार. दोन्हींत महागाई धरा, नाहीतर दोन्हींतून काढा. तक्त्यासाठी १.०७ ला १.०४ ने भागून आलेले २.९% पूर्ण ३% धरले आहेत. सातातून चार वजा केले तरी फरक नगण्य.

न्यास ओव्हरड्राफ्टवर चालत असेल तर गोष्ट वेगळी. हातात आलेल्या प्रत्येक रुपयाने कर्ज फिटू शकतं, म्हणून कर्जाचा दर धरायचा.

सामाजिक दर मोहात पाडतात. ब्रिटनचं अर्थखातं सरकारी प्रकल्पांना पहिल्या ३० वर्षांसाठी महागाई वजा ३.५% लावतं, आशियाई विकास बँक साधारण प्रकल्पांना ९% आणि सामाजिक प्रकल्पांना ६% मागते. पण हे दर साऱ्या समाजाचा नफा-तोटा मोजण्यासाठी आहेत. आपल्या हिशेबात फक्त न्यासाचं वीजबिल आहे. मुलांचं आरोग्य, कमी झालेला कोळशाचा धूर हेही मोजणार असाल तरच ते वापरा, आणि तक्ता मग वेगळा मांडा.

देणगी फक्त या कामासाठीच असेल आणि उरलेले पैसे परत जाणार असतील, तर न्यासापुढे ठेवीचा पर्यायच उरत नाही. तेव्हा जास्तीचे ३.४० लाख तुमच्या वहीत खर्च म्हणून दिसतच नाहीत आणि कुठल्याही दराने सोलरच जिंकतो. अशा वेळी देणगीदाराला सरळ विचारावं: फरकाची रक्कम दुसऱ्या कामाला वापरू द्याल का? हो म्हणाले तर तो पैसा पुन्हा मोकळा झाला आणि ठेवीचा दर लागू झाला.

जोखीम म्हणून दरात दोन टक्के चढवण्याची रीत मला पटत नाही. इंदूरच्या पावसाळ्यात ऊन कमी असतं, बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार बसतात. ही शंका असेल तर बचतीचाच आकडा खाली आणा, ४०,००० ऐवजी ३२,००० धरा. ठेवीच्या दराने आजची किंमत ३.८२ लाख येते, म्हणजे सोलर टिकतो. ओव्हरड्राफ्टच्या दराने ती २.९७ लाख होते आणि सोलर पडतो.

म्हणून दरावर वाद घालण्याआधी ज्या दराला शिल्लक शून्य होते तो काढावा. एक्सेलमध्ये `=RATE(15,40000,-340000)` लिहिलं की सुमारे ८% येतात, ३२,००० धरले तर सुमारे ४.७%. पहिल्या आकड्याखाली ठेव आणि ओव्हरड्राफ्ट दोन्ही बसतात, तेव्हा वाद फक्त बारावाल्यांशी उरतो. दुसऱ्यात मात्र दोघे दोन बाजूंना पडतात, म्हणून कोषाध्यक्षांनी आधी एवढंच सांगावं की मार्चअखेर खात्यात शिल्लक होती की उचल.