स्कॅनर शोधता शोधता ३,५४० रुपये गेले

मुलीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मला दाखले स्कॅन करून जोडायचे होते. जुना लॅपटॉप गेल्यामुळे घरचा ऑल-इन-वन प्रिंटर नव्याला जोडला. केबल लावली, विंडोजने आपणहून प्रिंटर ओळखला, प्रिंट झकास आली. स्कॅन करायला गेलो तर एकच उत्तर, स्कॅनर सापडत नाही.

गुगलवर कंपनीचं कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. तो जाहिरातीतला नंबर होता, हे तेव्हा बघितलंच नाही. पलीकडचा ‘इंजिनिअर’ फार गोड बोलला. त्याने एनीडेस्क हे दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप टाकायला लावलं, स्क्रीनवरचा नंबर विचारला आणि माउस त्याच्या हातात गेला. मग त्याने `eventvwr.msc`, म्हणजे विंडोजची बारीकसारीक नोंदींची वही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली. "बघा सर, व्हायरसने स्कॅनर ब्लॉक केलाय." अशी यादी कुठल्याही धडधाकट विंडोजमध्ये असते, हे मला नंतर कळलं. ३,००० आणि वर जीएसटी, असे ३,५४० रुपये मी यूपीआयने पाठवले. पैसे एका माणसाच्या नावावर जात होते, तेही डोळ्यांसमोर दिसत असून बोट थांबलं नाही. "चोवीस तासांत ॲक्टिव्हेट होईल," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन, स्कॅनरचं बोर्ड गेलंय, आणखी ५,९०० लागतील. तेव्हा कुठे शंका आली.

भाचा संध्याकाळी आला. लॅपटॉपला हातही न लावता त्याने काचेवर रेशनकार्ड ठेवलं आणि प्रिंटरवरचं झेरॉक्सचं बटण दाबलं. स्वच्छ झेरॉक्स बाहेर आली. "मामा, स्कॅनर ठणठणीत आहे. त्याशिवाय झेरॉक्स निघेल कशी?"

मग त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवला. केबल एकच असली तरी कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन यंत्रं, एक प्रिंटर आणि एक स्कॅनर, आणि दोघांना आपापला ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, लागतो. विंडोजने छपाईपुरता ड्रायव्हर टाकला होता. स्कॅनर खाली पिवळा त्रिकोण घेऊन बसला होता. भाच्याने कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाईप केला, आमच्या मॉडेलचं फक्त प्रिंट ड्रायव्हर न घेता पूर्ण पॅकेज उतरवलं, आधीचा प्रिंटर काढून टाकला, केबल उपसली आणि इन्स्टॉलरने सांगितल्यावरच परत लावली. वीस मिनिटं लागली, खर्च शून्य. तरीही स्कॅनर दिसला नसता, तर `services.msc` मध्ये `Windows Image Acquisition` ही स्कॅनिंगला लागणारी सेवा बंद आहे का ते बघायचं, असं म्हणाला.

पण हे सगळं करण्याआधी त्याने एनीडेस्क काढलं आणि माझ्या फोनवरून बँकेचे पासवर्ड बदलायला लावले. त्या माणसाने परत केव्हाही आत यायची सोय करून ठेवली नसेल, याची खात्री कोण देणार? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत.

स्कॅनरवर पहिला कागद स्कॅन झाला तो तक्रारीला जोडायचं बँक स्टेटमेंट. दाखले त्याच्यानंतर.