नव्या चॅटमध्ये ‘आधीसारखंच पुढे चालू ठेव’: सुटलेला संदर्भ परत कसा जोडायचा?

वेळासजवळ माझ्या आत्येभावाचं घरगुती निवास आहे. कासव महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तो एआय चॅटच्या मदतीने एक छोटी माहितीपुस्तिका तयार करत होता. कसं यायचं, राहण्याची सोय आणि जेवण ही तीन प्रकरणं छान जमली. चौथं प्रकरण किनाऱ्यावर पाळायच्या नियमांचं होतं. ते त्याने दुसऱ्या दिवशी नवी चॅट उघडून मागितलं आणि एवढंच लिहिलं: ‘वेळासच्या कासव महोत्सवाच्या पुस्तिकेचं काम आधीसारखंच पुढे चालू ठेव, चौथं प्रकरण दे.’

उत्तर लगेच आलं, भाषाही सफाईदार होती. पण त्यात ‘आमच्या रिसॉर्टमध्ये’ होतं, सुरमई थाळीचा उल्लेख होता आणि ‘कासवाची पिल्लं पाहण्याची हमी’ होती. त्याचं घर शाकाहारी आहे. आणि पिल्लांची हमी द्यायची नाही, हे तर पहिल्याच चॅटमध्ये ठरलं होतं. घरट्यातून पिल्लं कोणत्या दिवशी बाहेर येतील हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि दुरून आलेला माणूस रिकाम्या हाताने परतला तर तो घरमालकालाच बोल लावणार.

असं होण्याचं कारण साधं आहे. नवी चॅट बहुतेक वेळा कोऱ्या पानावर सुरू होते. मॉडेलसमोर त्या क्षणी जो मजकूर असतो तेवढ्यावरच ते लिहितं, जुनी चॅट सहसा त्याच्यासमोर नसते. ‘आधीसारखं’ म्हटलं की काही साधनं सरळ सांगतात की आधीचं काही दिसत नाही. काही मात्र कोकणातल्या सरासरी पर्यटन-मजकुरावरून अंदाज बांधतात. हा अंदाज ओळखायची खूण अशी: तुमच्याच घराचा, तुम्हीच ठरवलेला एकही तपशील उत्तरात नसेल, तर तिथे आठवण नाही, अंदाज आहे.

मग करायचं काय? मार्ग चार आहेत, आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जुन्या चॅटमध्येच परत जाणं. यादीत ‘वेळास’ किंवा ‘फेरीबोट’ असा शब्द शोधला की ती बहुतेक वेळा सापडते. चॅट फार लांब नसेल तर दुसरं काही करूच नका. लांब असेल तर मात्र मॉडेल एका वेळी किती मजकूर समोर धरू शकतं याला मर्यादा असते. काही साधनं सुरुवातीचा भाग आखडून घेतात किंवा वगळतात. पहिल्या दिवशीचे नियम पाचव्या दिवशी मोडायला लागले, तर समजा ती मर्यादा आली.

दुसरा मार्ग म्हणजे जुनी चॅट अख्खी उचलून नव्या चॅटमध्ये चिकटवणं. तपशील सुटत नाही, हे खरं. पण मला हा मार्ग फारसा पटत नाही, कारण त्यात ठरलेल्या गोष्टींबरोबर टाकून दिलेल्या गोष्टीही येतात. आत्येभावाच्या चॅटमध्ये जेवणाच्या प्रकरणाचे बरेच खर्डे होते आणि एका खर्ड्यात ‘विनंती केल्यास मासे मिळतील’ असं होतं, जे नंतर त्याने काढलं. सगळं एकदम समोर आलं की शेवटी कोणता खर्डा मान्य झाला हे मॉडेलला नीट कळेलच असं नाही. शिवाय देवनागरी मजकूर तितक्याच इंग्रजीपेक्षा बहुतेक वेळा जास्त जागा खातो, त्यामुळे मर्यादा लवकर गाठली जाते. नुसती जुन्या चॅटची लिंक चिकटवणं तर टाळाच. साधनाला ती उघडता आली नाही, तरी काही वेळा नावावरून अंदाज बांधून उत्तर येतं.

तिसरा मार्ग मेमरी किंवा प्रोजेक्टची सोय, म्हणजे काही गोष्टी एका चॅटमधून दुसऱ्या चॅटसाठी जपून ठेवणारी. कायम लागू असणाऱ्या गोष्टींसाठी ती चांगली आहे: घर शाकाहारी, पाहुण्यांना ‘तुम्ही’ म्हणायचं, भाषा साधी. पण मेमरीत काय साठवलं जाईल हे बऱ्याचदा साधनच निवडतं, म्हणून काय साठलंय ते सेटिंगमध्ये जाऊन वाचून घ्या. अर्धवट प्रकरणाचा मसुदा मेमरीत सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि एकाच फोनवरून घरातले सगळे जण एकच खातं वापरत असतील, तर भाच्याच्या शाळेचा प्रकल्प आणि पाहुण्यांची पुस्तिका एकमेकांत मिसळते.

चौथा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: एक मान्य झालेला नमुना आणि त्यासोबत ठरलेल्या गोष्टींचं टिपण. या दोन वस्तू वेगवेगळं काम करतात. भाषेचा सूर वर्णन करून सांगता येत नाही. ‘आपुलकीने लिही’ म्हटलं की गोड-गोड मजकूर येतो, पण तिसरं प्रकरण जसंच्या तसं दिलं की वाक्यांची लांबी, संबोधन, मथळ्यांची पद्धत हे सगळं त्यातून उचललं जातं. उलट, जे लिहायचं नाही ते नमुन्यात कधीच दिसत नाही. हमी द्यायची नाही हे तिसरं प्रकरण वाचून कुणाला कसं कळणार? ते टिपणातच हवं, आणि कारणासकट हवं. कारण दिलं की तोच नियम शेजारच्या प्रसंगालाही लागू होतो, म्हणजे ‘पिल्लं दिसतीलच’ असं दुसऱ्या शब्दांत लिहिणंही टळतं.

आत्येभावाने शेवटी पाठवलेलं टिपण असं होतं:

‘वेळासजवळच्या घरगुती निवासाची माहितीपुस्तिका. वाचणारे: पुण्या-मुंबईचे कुटुंबवत्सल पाहुणे. झालेली प्रकरणं: १ प्रवास (वेसवी–बागमांडला फेरीबोटीसह), २ राहणं, ३ जेवण. तिसरं खाली जोडलं आहे, सूर तसाच ठेव. ठरलेलं: संबोधन “तुम्ही”, “रिसॉर्ट” शब्द नको, जेवण फक्त शाकाहारी, दर लिहायचे नाहीत कारण ते हंगामाप्रमाणे बदलतात. पिल्लं दिसण्याची हमी नाही, कारण तारीख आधी सांगता येत नाही. आता हवं: प्रकरण ४, किनाऱ्यावरचे नियम: फ्लॅश नको, पिल्लांना हात लावायचा नाही, स्वयंसेवक सांगतील तिथेच थांबायचं. लिहिण्याआधी तुला काय कळलं आणि काय कळलं नाही ते सांग.’

शेवटचं वाक्य सोडू नका. त्यावर आलेल्या उत्तरात विचारलं होतं की पिल्लं सोडण्याची वेळ लिहायची का. तिथे ‘सकाळ आणि संध्याकाळ, नेमकी वेळ त्या दिवशी कळेल’ एवढं सांगितलं आणि प्रकरण पहिल्याच फटक्यात जमलं.

हे टिपण जुन्या चॅटकडूनच करून घेता येतं, पण ते स्वतः वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका. मॉडेलने केलेल्या सारांशात काय काय झालं ते नीट येतं, काय नाकारलं ते बऱ्याचदा गळतं. मासे नकोत हे त्यात नव्हतं, ते हाताने घालावं लागलं.

जुनी चॅट पुसली गेली असेल तर जे बाहेर पडलं होतं तिथून सुरुवात करा: व्हॉट्सॲपवर पाहुण्यांना पाठवलेला मजकूर, छपाईवाल्याला दिलेली पीडीएफ. ती प्रकरणं नव्या चॅटमध्ये द्या आणि त्यांतून कोणते नियम दिसतात त्याची आधी यादी करायला सांगा. त्या यादीत तुम्हाला चुकीचं वाटेल ते खोडा, आणि जे तुम्ही मुद्दाम वगळलं होतं ते आठवून खाली लिहा.