डॉज-बर्न, आठ महिन्यांनंतर: गाल नंतर, आधी हनुवटीखालची सावली

गेल्या मार्चमध्ये चोपड्याकडच्या एका गावातला मुलगा फ्रेम केलेला १२ बाय १८ फोटो परत घेऊन आला. वडिलांच्या गंधमुक्तीसाठी केलेला फोटो. तो एवढंच बोलला, "भाऊ, आबानं तोंड चपटं दिखस." कागद, फ्रेम, काच सगळं माझ्या अंगावर पडलं. पण जास्त लागलं ते त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून.

चेहरा बदलण्याचं काम माझ्याकडे नेहमीचं आहे. आबांचा चेहरा ओळखपत्राच्या फोटोतला होता. अंगावरचा सदरा, टोपी आणि बसणं दारातल्या खाटेवरच्या फोटोतलं, कारण त्या फोटोत चेहरा हलला होता. मी रंग जुळवला, कड मऊ केली, दाणाही सारखा केला. तरी डोकं चिकटवल्यासारखं दिसत होतं. ओळखपत्राच्या फोटोत फ्लॅश समोरून पडलेला असतो, म्हणून नाकाची, गालाची, डोळ्यांच्या खोबणीची सावलीच उरत नाही. खाटेवरच्या फोटोत मात्र उन्हं कलती होती आणि उजेड डावीकडून येत होता. शेजारी बसलेल्या पुतण्याच्या, फोटोत बघताना उजवीकडच्या, गालावर आणि गळ्यावर सावली स्पष्ट दिसत होती. रंग जुळला, तरी उजेड जुळला नव्हता.

उजेड-सावली हाताने भरायची म्हणजे डॉज-बर्न: डॉज म्हणजे जागा उजळवणं, बर्न म्हणजे गडद करणं. तेव्हा मी त्यासाठी फोटोशॉपमध्ये सॉफ्ट लाइट मोडची, ५०% ग्रे भरलेली लेयर वापरत होतो आणि तिच्यावर मऊ ब्रशने काळा-पांढरा रंग फिरवत होतो. पहिले दोन-तीन महिने मी हिची तारीफ करत होतो. चुकलं की पुन्हा ग्रे फिरवायचा, मूळ फोटोला धक्का नाही. आता मत बदललं आहे. सावळ्या कातडीवर जास्त बर्न केलं की जागा भाजल्यासारखी तांबूस होते, आणि छापून आल्यावर ते आणखी उठून दिसतं.

म्हणून आता दोन कर्व्ह्‌ज लेयर करतो. एकीचा मधला बिंदू खाली ओढलेला, दुसरीचा वर. दोन्हींचे मास्क Ctrl+I करून काळे करतो, मोड ल्युमिनॉसिटी ठेवतो आणि पांढऱ्या ब्रशने सावकाश भरतो. हार्डनेस ०, फ्लो ३ ते ४ टक्के. एवढ्या कमी फ्लोवर माउसनेही काम नीट होतं, म्हणून पेन टॅब्लेटचा खर्च मी केलेला नाही. सगळ्यात वर काळ्या रंगाची लेयर कलर मोडमध्ये ठेवली की फोटो काळा-पांढरा दिसतो आणि उजेड-सावलीचा फरक लगेच कळतो. काम झालं की ती बंद करायची.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे. आबांच्या फोटोत गाल, नाक, कपाळ मी मन लावून घडवलं होतं. टोपीच्या काठाखाली बारीक सावलीही दिली होती. तरी डोकं हवेत, कारण दोन्ही लेयर मी चेहऱ्याच्या लेयरला क्लिप केल्या होत्या. जोड कॉलरवर लपावी म्हणून चेहरा गळ्यासकट घेतला होता, म्हणजे गळाही फ्लॅशने उजळलेला. हनुवटीची सावली गळ्यावरून पुढे सदऱ्याच्या कॉलरवर पडायला हवी. सदरा खालच्या फोटोतला, क्लिप केलेली लेयर तिथे पोहोचतच नाही. सावली काठावर कापली जायची, म्हणून मी गळा तसाच सोडून द्यायचो. चूक इथे होती.

आता सावलीची लेयर क्लिप न करता सगळ्यांच्या वर ठेवतो आणि पहिला हात हनुवटीखालीच मारतो. जबड्याला लागून कड जरा ठळक, खाली जाताना विरत गेलेली, आणि उजेड डावीकडून असल्यामुळे उजवीकडे झुकलेली. किती गडद करायची ते अंदाजाने ठरवत नाही. इन्फो पॅनेलमध्ये पुतण्याच्या गालाचा आणि गळ्याचा उजेड बघतो, आणि आबांच्या गाल-गळ्यात तेवढाच फरक येईपर्यंत भरतो. ही एक सावली बसली की गालांना निम्मं कामही लागत नाही. मग मोठ्या ब्रशने उजवा गाल, कानशील आणि नाकाची उजवी बाजू थोडी दाबायची; डावं गालफड, कपाळाची डावी बाजू आणि नाकाचा दांडा उचलायचा. शेवटी फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघायचा. त्या आकारात पुतण्या आणि आबा एकाच उजेडात बसलेले वाटले, तरच छापायला द्यायचा.

आबांचा फोटो असा नव्याने करून पैसे न घेता दिला. मुलाने तो दाराजवळ नेऊन उजेडात बराच वेळ धरला आणि काही न बोलता पिशवीत ठेवला.

एका ठिकाणी मात्र ही पद्धत हरते. चेहऱ्याच्या मूळ फोटोतच नाकाची सावली उलट्या बाजूला पडली असेल, तर कितीही डॉज केलं तरी ती पुसताना कातडी राखाडी पडते. चेहरा आडवा उलटवला की उजेड जुळतो, पण गालावरचा तीळ दुसऱ्या बाजूला जातो आणि घरच्यांना ते पहिल्या नजरेत कळतं. म्हणून आता चेहऱ्यासाठी एकच फोटो आणला तर काम सुरू करत नाही. घरातले जुने दोन-तीन मागवतो आणि ज्यात उजेड त्याच बाजूने आहे तो घेतो, थोडा धूसर असला तरी.