सोयाबीनच्या आलेखावर कोणता एरर बार: एसडी, एसई, सीआय की सीडी?

परभणीत एम.एस्सी. ॲग्री करणाऱ्या मुलामुलींचे पोस्टर पाहताना एक गोष्ट वारंवार दिसते. आलेखावर एरर बार असतात, पण ते कशाचे हे कुठेच लिहिलेलं नसतं. एकाच आकड्यांवर चार वेगवेगळ्या लांबीचे बार काढता येतात, आणि प्रत्येक वेळी बघणारा वेगळा निष्कर्ष घेऊन जातो. म्हणून हे चारही पर्याय एकाच उदाहरणावर लावून पाहू. आकडे समजण्यासाठी बेतलेले आहेत, त्यांना पेरणीची शिफारस समजू नये.

समजा, सोयाबीनच्या तीन पेरण्या केल्या: २० जून, ३० जून आणि २० जुलै. प्रत्येक तारखेचे चार प्लॉट, म्हणजे चार रेप्लिकेशन. पहिलं आणि तिसरं रेप्लिकेशन हलक्या, मुरमाड पट्ट्यात पडलं, दुसरं आणि चौथं भारी काळ्या रानात. उत्पादन क्विंटल प्रति हेक्टर असं आलं:

| पेरणी | रेप १ | रेप २ | रेप ३ | रेप ४ | सरासरी |
|---|---|---|---|---|---|
| २० जून | १७ | २० | १८.५ | २०.५ | १९ |
| ३० जून | १५ | १८.५ | १६ | १८.५ | १७ |
| २० जुलै | १२ | १४.५ | ११.५ | १४ | १३ |

बारकडे वळण्याआधी आडवा अक्ष नीट लावून घ्या, कारण कल तिथेच बिघडतो. एक्सेलमध्ये ‘२० जून’ असं मराठीत टाइप केलं की ते तारीख म्हणून नाही, साधा मजकूर म्हणून धरलं जातं. मग तिन्ही बिंदू सारख्या अंतरावर बसतात आणि रेषा आधी हळू, नंतर धाडकन खाली येते. बघणारा म्हणतो, जुलैत उत्पादन कोसळलं. प्रत्यक्षात पहिल्या १० दिवसांत २ क्विंटल घटले आणि पुढच्या २० दिवसांत ४, म्हणजे घट रोज ०.२ क्विंटल, सरळ रेषेत. `Scatter` प्रकार घ्या आणि आडव्या अक्षावर ०, १०, ३० असे आकडे द्या. नाव लिहा ‘२० जूनपासूनचे दिवस’. प्रबंधात हवामान आठवडा २५, २६, २९ असं लिहायची पद्धत आहे, ते परीक्षकाला चालतं. शेतकरी मेळाव्यात मात्र तारीखच हवी.

उभ्या अक्षावर ‘उत्पादन’ एवढंच लिहून भागत नाही. ‘उत्पादन (क्विंटल/हेक्टर)’ असं पूर्ण लिहा. गावात उतारा एकरी बोलतात, त्यामुळे एकक नसलेल्या आलेखावरचा १९ हा आकडा समोरचा माणूस एकरीच धरतो आणि एक तर थक्क होतो, नाही तर विश्वास ठेवत नाही. एकरी आलेख हवा असेल तर २.४७ ने भागा, म्हणजे १९ चे ७.७ होतील. त्याच भागाकारातून एरर बारही काढा. सरासरी एकरी आणि बार हेक्टरी असा आलेख दिसायला ठीकठाकच दिसतो, म्हणून ही चूक पटकन सापडत नाही.

आता बार. एसडी, म्हणजे प्रमाण विचलन, प्लॉट-प्लॉटमधला फरक दाखवतं. इथे ते अनुक्रमे १.६, १.८ आणि १.५ येतं. ‘माझ्या रानात हे किती खालीवर होईल?’ हा शेतकऱ्याचा प्रश्न असतो, आणि त्याच्या सर्वांत जवळ हाच बार जातो. रेप्लिकेशन वाढवली तरी तो आपोआप लहान होत नाही.

एसई म्हणजे तेच विचलन रेप्लिकेशनच्या वर्गमुळाने भागलेलं. चार रेप्लिकेशन म्हणजे बरोबर निम्मं: ०.८, ०.९, ०.७. बार आखूड दिसतात म्हणून मुलांचा हा आवडता पर्याय, आणि माझा सर्वांत नावडता. चारच प्लॉट असताना सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक एसई एवढ्या पट्ट्यात खरी सरासरी शंभरातून साठेक वेळाच सापडते. बार एकमेकांना शिवत नाहीत म्हणजे फरक सिद्ध झाला, असं यावरून म्हणता येत नाही.

सीआय, ९५ टक्क्यांचं विश्वास अंतर, हे जास्त प्रामाणिक आहे. चार रेप्लिकेशनला एसईची ३.१८ पट धरावी लागते. ही पट सवयीने २ धरली जाते, पण इतक्या कमी प्लॉटना ती पुरत नाही. बार होतात २.५, २.८ आणि २.३. सूत्रं अशी:

```
=STDEV.S(B2:E2)
=STDEV.S(B2:E2)/SQRT(4)
=CONFIDENCE.T(0.05,STDEV.S(B2:E2),4)
```

पण इथेच गोची होते. २० जूनचा बार १६.५ ते २१.५ आणि ३० जूनचा १४.२ ते १९.८. दोन्ही भरपूर एकमेकांवर येतात, आणि बघणारा म्हणेल, दहा दिवसांनी काही बिघडत नाही. आता तक्त्यात रेपनुसार वजाबाकी करा: २, १.५, २.५, २. हलक्या रानात असो की भारी, प्रत्येक ठिकाणी आधीची पेरणी सरस ठरली. बार लांब झाले ते मुरमाड आणि काळ्या जमिनीतल्या फरकामुळे. तो फरक तिन्ही तारखांना सारखाच लागू आहे, तारखांच्या तुलनेशी त्याचा संबंध नाही.

ही अडचण सीडी सोडवतं, म्हणजे कृषी विद्यापीठाच्या प्रत्येक तक्त्याखाली असणारा क्रिटिकल डिफरन्स. अनोव्हात जमिनीचा फरक बाजूला काढला की या आकड्यांची त्रुटी-वर्गसरासरी ०.२५ उरते आणि ५ टक्के पातळीवर सीडी येतो ०.८७. प्रत्येक बिंदूवर बार काढायची गरजच नाही. आलेखाच्या कोपऱ्यात ०.८७ उंचीची एकच उभी रेघ काढा, शेजारी ‘सीडी (५%)’ लिहा. दोन बिंदूंमधलं उभं अंतर त्या रेघेपेक्षा मोठं असेल तर फरक धरायचा. इथे सर्वांत लहान अंतर २ आहे, नजर टाकताच कळतं.

तेव्हा निवड अशी करा: तारखांची किंवा वाणांची तुलना दाखवायची असेल तर सीडी. मेळाव्यात ‘आमच्याकडे काय होईल’ याचं उत्तर द्यायचं असेल तर एसडी, आणि खाली ‘चार प्लॉटमधला फरक’ असं साध्या भाषेत. एकाच सरासरीचा अंदाज किती पक्का आहे हे सांगायचं असेल तर सीआय. एसई फक्त तेव्हाच, जेव्हा मार्गदर्शक किंवा नियतकालिक तेच मागतं, आणि तेव्हाही रेप्लिकेशनची संख्या सोबत लिहून.

एक्सेलमधला एक सापळा टाळा. `Error Bars` मध्ये तयार `Standard Error` निवडलं तर एक्सेल तुमचे चार प्लॉट पाहतच नाही, आलेखावरच्या तीन सरासरींवरूनच बार काढतं. सगळे बार तंतोतंत एकाच लांबीचे दिसले की शंका घ्या. अनोव्हातला सामाईक एसई वापरला असेल तर सारखी लांबी बरोबर असते, पण मग तसं खाली लिहिलेलं हवं. स्वतः काढलेले आकडे `Custom` आणि `Specify Value` मधून द्या.

सीडीलाही मर्यादा आहे. तीन तारखांना तो ठीक, पण दहा वाण एकमेकांशी ताडून पाहायचे म्हटलं तर ४५ जोड्या होतात. कुठेच खरा फरक नसला तरी पाच टक्क्यांच्या हिशेबाने त्यातल्या दोनेक जोड्या ‘फरक आहे’ म्हणून पुढे येतील. तेवढ्या वाणांसाठी टुकी चाचणीचं अंतर काढा आणि कोपऱ्यातल्या रेघेशेजारी सीडीऐवजी तेच नाव लिहा.