हाताने रंगवलेले आठवडे की सूत्राने रंगणारे?

बांधकामाचे वेळापत्रक एक्सेलमध्ये आखताना आठवड्यांचे सेल हाताने रंगवणे सोपे वाटते. पण प्लास्टर आठवडाभर लांबले की पुढच्या प्रत्येक कामाचा पट्टा पुसून पुन्हा रंगवावा लागतो, आणि एखादा राहून गेला तर तारीख एक सांगते व रंग दुसरेच. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये रंग तारखांवरूनच ठरतो. B2 मध्ये आरंभ, C2 मध्ये शेवट आणि D1 पासून पुढे प्रत्येक सोमवारची तारीख असेल, तर D2 पासून निवडलेल्या सेलना हे सूत्र द्यावे:

```
=AND(D$1<=$C2,D$1+6>=$B2)
```

यातले +6 गाळले, तर बुधवारी, ८ जानेवारी २०२५ रोजी सुरू होणाऱ्या कामाचा ६ तारखेचा आठवडा कोराच राहतो. चार-पाच ठरलेल्या कामांच्या तक्त्याला मात्र हाताचा रंग पुरेसा आहे.