ड्युटी आधीच भरून परदेशी पार्सल पाठवणे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

विणलेले स्कार्फ आणि शाली आम्ही स्वतःच्या संकेतस्थळावरून परदेशी ग्राहकांना विकतो. गेले काही महिने आम्ही युरोपीय संघातील ग्राहकांची पार्सले डीडीपी पद्धतीने, म्हणजे तिथले कर आणि सीमाशुल्क विक्रेत्यानेच भरून, एका कुरिअर सेवेमार्फत पाठवत आहोत. आधी डीएपी पद्धत होती. तीत पार्सल पोहोचताना जे काही लागेल ते ग्राहकाने भरायचे असते. या बदलाने काय सुधारले आणि काय सुधारले नाही, ते इथे लिहीत आहे.

डीएपीमध्ये खरा त्रास कराच्या रकमेपेक्षा तो मागण्याच्या पद्धतीचा होता. ग्राहकाने आमच्याकडे पूर्ण पैसे भरलेले असत, आणि नंतर कुरिअरचा संदेश जाई की अमुक रक्कम भरल्याशिवाय पार्सल मिळणार नाही. त्या रकमेत व्हॅट असेच, शिवाय कुरिअरने ग्राहकाच्या वतीने कर भरल्याबद्दलचे हाताळणी शुल्कही असे. पार्सल अडकल्याचे खोटे संदेश पाठवून पैसे उकळण्याचे प्रकार इतके वाढले आहेत की सावध ग्राहक असा संदेश उघडतही नाही. पार्सल गोदामात पडून राही, मुदत संपली की परत निघे, आणि परतीचे भाडे आमच्या खात्यावर लागे.

युरोपीय संघात 1 जुलै 2021 पासून स्वस्त मालावरही व्हॅट लागतो. पूर्वी 22 युरोपर्यंतच्या मालाला सूट होती. 150 युरोपर्यंतच्या मालासाठी आयओएसएस ही व्यवस्था आहे. विक्रेता व्हॅट खरेदीच्या वेळीच घेतो, दर महिन्याला विवरणपत्रासोबत भरतो, आणि पार्सलाच्या माहितीत आपला आयओएसएस क्रमांक देतो. आमच्यासारख्या संघाबाहेरच्या विक्रेत्याला सहसा संघातला मध्यस्थ नेमावा लागतो. आमच्या सेवेत तो मिळाला, अर्थात फी देऊन. जर्मनीतील ग्राहकाने 60 युरोचा स्कार्फ घेतला आणि पाठवणीचे 15 युरो झाले, तर 75 युरोंवर 19 टक्क्यांनी 14.25 युरो व्हॅट होतो. ग्राहकाला तो पैसे भरतानाच दिसतो आणि दारात पुन्हा काही द्यावे लागत नाही.

निदान अपेक्षा तशी असते. आमच्या एका ग्राहकाकडे मात्र पार्सल पोहोचताना व्हॅट दुसऱ्यांदा मागितला गेला. आयओएसएस क्रमांक लेबलवर स्पष्ट छापलेला होता. पण कस्टम्स लेबल वाचत नाही, आधी आलेली इलेक्ट्रॉनिक माहिती वाचते, आणि सेवेच्या प्रणालीतून तो क्रमांक त्या माहितीत गेलाच नव्हता. ग्राहकाने आयातीच्या वेळी भरलेल्या व्हॅटची पावती आम्हाला पाठवली, आम्ही आमच्याकडे घेतलेला व्हॅट त्याला परत केला, आणि त्या पावतीच्या आधारे विवरणपत्रात दुरुस्ती झाली. हाताळणी शुल्क मात्र कुणीच परत करत नाही. ते आम्ही सोसले. तेव्हापासून पार्सल नोंदवल्यावर सेवेच्या पडद्यावर क्रमांक दिसला तरी थांबत नाही; कस्टम्सला गेलेल्या माहितीची प्रत उघडून तिथे तो क्रमांक आहे का, हे पाहतो. या सेवेबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे, कारण ग्राहकाला दिलेला शब्द इथेच मोडतो.

150 युरोंच्या वर हिशेब वेगळा होतो. आयओएसएस लागू होत नाही, सीमाशुल्क लागते, आणि व्हॅट त्या शुल्कावरही बसतो. समजा 200 युरोची लोकरी शाल आहे, पाठवणीचे 30 युरो आहेत आणि सीमाशुल्काचा दर 8 टक्के आहे. 230 युरोंवर 18.40 युरो शुल्क होते, मग 248.40 युरोंवर 19 टक्क्यांनी 47.20 युरो व्हॅट होतो. म्हणजे 65.60 युरो, शालीच्या किमतीच्या जवळजवळ एकतृतीयांश, आणि त्यावर कुरिअरचे शुल्क. ही रक्कम किमतीत दडवायची की ग्राहकाला वेगळी दाखवायची, यावर आम्ही बराच विचार केला. वेगळी दाखवल्यावर काही ग्राहक तिथूनच परत फिरतात, हे खरे आहे. पण पार्सल पोहोचल्यावर ते नाकारले जाण्यापेक्षा विक्री आधीच थांबलेली मला कितीतरी बरी वाटते.

वेळेच्या बाबतीत माझी समजूत पुष्कळ बदलली. ट्रॅकिंगवर ‘कस्टम्समध्ये’ असे दिसले की अधिकारी पार्सल उघडून बसले आहेत असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते पैशांची किंवा माहितीची वाट पाहत असते. पैशांचे कारण डीडीपीने जवळजवळ संपवले. माहितीचे कारण कोणतीही सेवा आपल्यासाठी संपवू शकत नाही. युरोपीय संघात माल पोहोचण्याआधीच वर्णन आणि मालाचा प्रकार ठरवणारा निदान सहा अंकी एचएस कोड द्यावा लागतो, आणि ‘कापड’ किंवा ‘भेटवस्तू’ अशी मोघम वर्णने अडवली जातात. आमच्या मालात विणकामाचा प्रकारही मोजला जातो: मागावर विणलेली शाल 6214 या शीर्षकात येते आणि सुयांवर विणलेली 6117 मध्ये. म्हणून ‘शाल’ एवढेच न लिहिता ‘महिलांची शाल, 100 टक्के लोकर, मागावर विणलेली’ असे लिहितो आणि कोड 621420 देतो. ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक आणि ईमेलही आवर्जून घेतो, कारण काही विचारायचे झाल्यास कुरिअरकडे दुसरा मार्ग नसतो.

संकेतस्थळावर आम्ही पोहोचण्याची एकच तारीख देणे बंद केले. माल तयार करण्याचा वेळ वेगळा लिहितो, प्रवासाचा वेळ कामकाजाच्या दिवसांत आणि किमान–कमाल असा लिहितो, आणि कस्टम्सची तपासणी निघाली तर त्यावर आमचे नियंत्रण नाही हेही तिथेच सांगतो. डीडीपी असले तरी नमुना म्हणून उघडलेले पार्सल थांबतेच, हे ग्राहकाला आधी कळलेले बरे.

परत आलेल्या मालाची बाजू सर्वांत कच्ची आहे. ग्राहकाने शाल परत पाठवली, तर आम्ही भरलेले सीमाशुल्क आपोआप परत मिळत नाही. त्यासाठी आयातीची आणि परत निर्यातीची कागदपत्रे जोडून अर्ज करावा लागतो, आणि लहान रकमेसाठी त्याचा खर्चच जास्त होतो. आमच्या सेवेत यासाठी काहीही सोय नाही. म्हणून शालींच्या बाबतीत आम्ही आधी रंगाचे आणि मापाचे फोटो पाठवून ग्राहकाची खात्री करून घेतो.

नियम बदलत राहतात, हे लक्षात ठेवून सेवा निवडावी. अमेरिकेतील 800 डॉलरपर्यंतची ड्युटीमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून थांबली आणि त्या सुमारास अनेक देशांच्या टपाल खात्यांनी तिथली पार्सले काही काळ घेणेच थांबवले. युरोपीय संघानेही 150 युरोपर्यंतच्या पार्सलांतील प्रत्येक प्रकारच्या वस्तूवर 1 जुलै 2026 पासून 3 युरो सीमाशुल्क घेण्याचे ठरवले. स्वस्त वस्तू विकणाऱ्याला ही रक्कम जाणवण्यासारखी आहे, विशेषतः एकाच पार्सलात दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तू असतील तर.

नियमितपणे एखाद-दुसऱ्या देशात विकणाऱ्याला मी ही सेवा घ्यायला सांगेन. ज्याची परदेशी पार्सले वर्षाकाठी मोजकीच असतील, त्याला मध्यस्थाची फी परवडणार नाही. त्याने डीएपीच ठेवावी, मात्र कर किती लागू शकेल आणि कुरिअरचा संदेश कोणत्या नावाने येईल, हे विक्रीच्या वेळीच ग्राहकाला लिहून कळवावे.